रंग किती गेला, किती लागला?

नाशिक रोडच्या बाजारातून आणलेले लाल सुती कापड पहिल्याच धुण्यात पांढरा शर्ट गुलाबी करते. कापड मात्र पूर्वीइतकेच लाल दिसते. दुकानदार म्हणतो, "रंग गेलाच नाही." आपण म्हणतो, "पण लागला ना!" दोघांचेही खरे असते. म्हणूनच रंगाचा पक्केपणा मोजायला करड्या रंगाच्या दोन वेगळ्या पट्ट्या वापरतात.

आधी धुण्याची चाचणी पाहू. लाल कापडाचा १० सेंमी × ४ सेंमी तुकडा घेऊन तेवढ्याच आकाराच्या दोन पांढऱ्या तुकड्यांमध्ये ठेवायचा आणि एका कडेला शिवायचा. सुती कापडासाठी एक पांढरा तुकडा सुती व दुसरा लोकरी घेतात. लिटरला ५ ग्रॅम साबण असलेले, या जोडाच्या वजनाच्या ५० पट द्रावण घेऊन त्यात ४०° सें.ला ३० मिनिटे घुसळायचे. नंतर खळबळून, तुकडे एकमेकांना चिकटणार नाहीत असे वाळवायचे. ओले चिकटून राहिले तर नाहक जास्त डाग पडतो.

आता पट्टी. पहिल्या पट्टीवर करड्या तुकड्यांच्या जोड्या असतात. जोडीतला एक तुकडा नेहमी तोच, दुसरा क्रमाने फिका होत जातो. ५ म्हणजे काहीच फरक नाही, १ म्हणजे सर्वांत जास्त. ४ पासून १ पर्यंत प्रत्येक पायरीला फरक दुप्पट होतो. मधल्या अर्ध्या पायऱ्याही असतात, उदा. २-३. न धुतलेला आणि धुतलेला तुकडा शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक कोणत्या जोडीइतका आहे ते पाहायचे. पट्टी करडी असल्याने लाल, निळ्या, हिरव्या सर्वच कापडांना ती चालते. नजरेने तोलायचा असतो तो फक्त फरक.

दुसरी पट्टी लागलेल्या रंगाची. तिच्या प्रत्येक जोडीत एक तुकडा पांढरा असतो. तिच्या पायऱ्या मोठ्या आहेत: रंगफरकाच्या मापात उडण्याचा ३ म्हणजे ३.४, तर लागण्याचा ३ म्हणजे ८.५. त्यामुळे दोन्हींच्या अंकांची आपसांत तुलना करू नये.

समजा, आपल्या लाल कापडाला उडण्यासाठी ४ मिळाला, पण सुती तुकड्यावर लागण्यासाठी २-३. याचा अर्थ काय? रिॲक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बंधाने जोडला जातो, पण त्याचा काही भाग रंगवतानाच पाण्याशी संयोग पावून निकामी होतो आणि कापडात नुसताच अडकून राहतो. तो उकळत्या साबणपाण्याने काढायला हवा. तिथे काटकसर झाली की तो घरी सुटतो. एकूण रंगाच्या मानाने तो थोडा, म्हणून कापड फिके पडत नाही. पांढऱ्यावर मात्र तेवढाही दिसतो. पडताळायचे असेल तर कापड दोन-तीनदा गरम साबणपाण्यात धुऊन चाचणी पुन्हा करावी. लागण्याचा अंक ४-५ वर गेला, तर दोष सुट्या रंगाचाच. प्रत्येक धुण्यात रंग लागतच राहिला आणि कापडही फिके होत गेले, तर रंग सुताला घट्ट धरून नाही.

पट्टीची झेरॉक्स वापरू नये. तिच्यात छटा बदलतात. दिवसाच्या उत्तरेकडील उजेडात दोघांनी एकमेकांना न सांगता अंक लिहावेत. लाल रंग फिका न होता जांभळट झाला, तरी अंक तोच येऊ शकतो. म्हणून अंकाशेजारी 'जांभळट' असे जरूर लिहावे.