दिसते तेव्हा पिकलेली नसते

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, की मेळघाटातल्या सागाच्या रानात, दगडांच्या फटीत आणि बांबूच्या बेटांखाली हिरव्या पात्यांचे झुबके जमिनीला चिकटून उगवतात. जुलैत त्यांतून बारीक दांडा वर येतो आणि त्यावर पांढरी, चांदणीसारखी फुलं लागतात. ही सफेद मुसळी. दांडा धरून नुसती उपटली तर पात्यांचा झुबका हातात येतो आणि खरा माल मातीतच राहतो. म्हणून कुदळीनं भोवतीची माती सैल करावी लागते. मग बाहेर येतो तो पांढऱ्या, रसदार मुळ्यांचा घोस, लहान मुलाच्या बोटांसारखा. या मुळ्या सोलून वाळवल्या की शक्तिवर्धक म्हणून देशभर त्यांना गिऱ्हाईक आहे.

चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतल्या कोरकू कुटुंबांना हे झाड पिढ्यानपिढ्या माहीत आहे. वनस्पतिशास्त्रानं त्याला नाव दिलं ते मात्र १९५४ साली, मुंबईजवळच्या बोरिवलीवरून: क्लोरोफायटम बोरिविलियानम. मेळघाटाच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जी आणि अकोट भागात, पानमळे व पानपिंपळी पिकवणाऱ्या बारी समाजानं मुसळी शेतातही आणली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान याच भागातलं. म्हणजे वऱ्हाडात ही वनस्पती रान आणि शेत अशा दोन्ही ठिकाणी पाहता येते. रानातून ती किती काढावी, हा प्रश्न समजून घ्यायला ही जोडी फार उपयोगाची आहे.

शेतकरी मुसळी कधी काढतो ते आधी पाहू. जूनमध्ये बेणं लावलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं पिवळी पडून गळतात. नवख्याला वाटतं पीक तयार झालं, पण जाणता शेतकरी इथे हात लावत नाही. मुळ्या आणखी महिना-दोन महिने जमिनीतच राहू देतो. या काळात मुळीची साल पांढरीची तपकिरी होते, आतला गर घट्ट होतो आणि साल सहज सुटते. कोवळी काढलेली मुळी वाळली की सुरकुतते आणि वजनात मार खाते. पक्व मालातही चार-पाच किलो ओल्या मुळ्यांतून सुकी मुसळी जेमतेम किलोभर मिळते.

शेतात हे जमतं, कारण ओळ कुठे आहे ते शेतकऱ्याला ठाऊक असतं. रानात ओळ नसते. पानं गळाली की झाड नाहीसं होतं आणि वर पाचोळा पसरतो. त्यामुळे रानात मुसळी दिसते तेव्हा ती पिकलेली नसते आणि पिकते तेव्हा दिसत नाही. साहजिकच खणाई होते ती जुलै-ऑगस्टमध्ये, फुलांचा दांडा उभा असताना. फुलाचं बोंड होऊन त्यातलं काळं बी मातीत पडायच्या आतच झाड टोपलीत गेलेलं असतं.

एकाच कुदळीत इथे तीन नुकसानं होतात. मुळी कोवळी म्हणून वजन कमी, वजन कमी म्हणून तेवढ्याच पैशासाठी जास्त झाडं, आणि त्यातल्या एकाही झाडाचं त्या वर्षीचं बी रानाला मिळत नाही. शिवाय मुसळीचं बी उगवायला मुळातच आळशी असतं. त्यातलं थोडंच रुजतं, आणि रुजलेलं रोप पहिली दोन-तीन वर्षं गवताच्या काडीएवढंच असतं. म्हणून शेतकरी बियांवर फारसा विसंबत नाही. तो मुळ्यांचा घोस जिथे एकत्र येतो तो माथा, त्यावरच्या डोळ्यांसकट, एक-दोन मुळ्या ठेवून पुन्हा लावतो. मुळ्या म्हणजे झाडाची शिदोरी आणि माथा म्हणजे झाडाचा जीव. नुसती तुटकी मुळी मातीत पुरली तर तिला कोंब येत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. एखाद्या गावाच्या वाट्याच्या रानातून वर्षाला किती मुसळी काढली तर ती टिकेल? व्यापाऱ्याच्या वहीतून याचं उत्तर मिळत नाही. वहीतली आवक वर्षानुवर्षं तेवढीच दिसू शकते, कारण जवळचं संपलं की माणसं पुढच्या टेकडीवर जातात. आवक घटलेली वहीत दिसते तोवर पुढची टेकडीही रिकामी झालेली असते. उत्तर रानात बसून मोजूनच काढावं लागतं. चार्ल्स पीटर्स यांनी १९९४ साली गौण वनोपजाच्या शाश्वत काढणीवर एक पुस्तिका लिहिली, तिची रीत सोपी आहे: आधी झाडं मोजायची, मग त्यांची वाढ आणि नवी रोपं पाहायची, आणि त्यावरून मर्यादा ठरवून ती दरवर्षी तपासायची.

हे कसं करतात ते एका हिशेबातून पाहू. यातले आकडे रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. प्रत्येक गावानं आपले स्वतः काढायचे असतात. समजा, मुसळी येते असा दहा हेक्टरचा उतार आहे. जुलैत, झाड फुलावर असताना, त्यावर ठिकठिकाणी वीस मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा ४० पट्ट्या आखल्या. पट्टी जिथे भरपूर मुसळी दिसते तिथे आखायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. ठरावीक अंतर चालून जिथे पाऊल पडेल तिथेच दोरी ताणायची, नाहीतर सगळ्या हिशेबाला फुगवटा येतो. पट्टीतली झाडं तीन गटांत मोजायची: एक-दोन पात्यांची रोपं, झुबका झालेली पण फूल नसलेली, आणि फुलावर आलेली.

४० पट्ट्या म्हणजे ८०० चौरस मीटर. त्यांत फुलावरची ८० झाडं सापडली, तर हेक्टरी एक हजार आणि उतारावर दहा हजार झाडं धरायची. आकडा मोठा वाटतो. आता काही पट्ट्यांमधली झाडं खुणेच्या खुंट्या ठोकून तीन वर्षं पाहिली. दर शंभर फुलावरच्या झाडांमागे वर्षाला आठ आपोआप गेली. काही कुजली, काही रानडुकरांनी आणि साळिंदरांनी उकरून खाल्ली. आणि लहान गटातली चौदा नव्यानं फुलावर आली. शिल्लक राहिली शेकडा सहा. दहा हजारांवर सहाशे. पाऊस दगा देईल, मोजणी चुकेल, म्हणून त्यातली निम्मी रानासाठी ठेवायची. हाती राहिली तीनशे झाडं.

एका झाडाच्या ओल्या मुळ्या वीस ग्रॅम धरल्या, तर सुकी मुसळी चार ग्रॅम. किलोभर मालाला अडीचशे झाडं लागतात. म्हणजे दहा हेक्टरच्या उताराची वर्षाची मर्यादा सव्वा किलोसुद्धा नाही. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा दोनदा तपासला. ‘निम्मी काढा, निम्मी ठेवा’ असा नियम आपल्याकडे सहज सांगितला जातो. फळाला तो कदाचित चालेल, पण मुसळीला तो लावला तर वरचा उतार चार-पाच पावसाळ्यांत उघडा पडेल.

मर्यादा वाढवायची वाट आहे, आणि ती शेतकऱ्याच्या हातातच दिसते. मुळ्या तोडून घ्यायच्या आणि माथा दोन मुळ्यांसकट त्याच खड्ड्यात परत पुरायचा. असे दहातले सहा माथे पुन्हा फुटले, तर दहा झाडं खणल्यावर खरी चारच जातात. मग त्याच तीनशेच्या तुटीत साडेसातशे झाडं खणता येतात. दोन मुळ्या मागे ठेवल्यानं दर झाडामागे चारऐवजी तीन ग्रॅम माल धरला, तरी सव्वादोन किलो होतो. पण फुटलेलं झाड पहिल्या वर्षी अशक्त असतं, त्याला पुन्हा फुलावर यायला वेळ लागतो. म्हणून उताराचे तीन-चार भाग पाडून दरवर्षी एकाच भागात कुदळ लावायची, बाकीचे बंद ठेवायचे. दहातले किती माथे फुटतात हा आकडाही ऐकीव घेऊन चालत नाही. पन्नास माथे खुणा करून पुरायचे आणि पुढच्या जुलैत मोजायचे.

फळांची गोष्ट वेगळी असते. सह्याद्रीत पुण्याच्या एका संस्थेनं गावकऱ्यांबरोबर हिरडा आणि बेहड्याचं संकलन ‘फेअरवाइल्ड’ या जागतिक मानकात बसवलं. तिथेही झाडं मोजली, फळांचा अंदाज घेतला, रानासाठी हिस्सा ठेवला. पण बेहड्याचं फळ वेचलं तरी झाड उभं राहतं आणि चूक झाली तर दुरुस्तीला पुढचा हंगाम मिळतो. मुसळीत झाडच उचललं जातं. त्यामुळे जिथे मूळ, कंद किंवा साल काढायची असते, तिथे मोजणीआधी कुदळ लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बिघडलंय हे ओळखायच्या खुणा मुसळी वेचणाऱ्यांना आपल्याआधी कळतात. फुलावरची झाडं दिसतात पण भोवती एक-दोन पात्यांची रोपं नाहीत, ही सगळ्यात वाईट खूण. म्हातारी माणसं असलेल्या पण पाळणा न हललेल्या गावासारखं ते रान असतं. दुसरी खूण, मुळी दरवर्षी बारीक होत जाणं. तिसरी, खणाई दरवर्षी आठ-दहा दिवस अलीकडे सरकणं. ‘आपण नाही काढली तर दुसरा काढील,’ हे वाक्य त्यामागे असतं, आणि ते खोटं नसतं. ज्या रानावर कुणाचाच ताबा नाही तिथे थांबणारा माणूस फक्त तोट्यात जातो.

इथे कायद्याचा संबंध येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजात औषधी वनस्पती, मुळं आणि कंद नावानिशी धरले आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपलं रान सांभाळायचा, त्याचे नियम करायचा अधिकार दिला. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये असा हक्क मिळाला. ‘खोज’ या संस्थेच्या सोबतीनं गावानं उजाड टेकडी राखली, तिथल्या सीताफळांची विक्री स्वतः हातात घेतली आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा भारत जैवविविधता पुरस्कार मिळवला. सीताफळ मुसळी नव्हे, हे खरं. पण बाहेरचा कुणी आधी तोडून नेणार नाही ही खात्री असेल तर गाव थांबू शकतं, हे तिथे दिसलं. व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या रानात कायद्याची बंधनं वेगळी आणि कडक आहेत. हा हिशेब बाहेरच्या, हक्क मिळालेल्या रानांसाठी.

असा ताबा असलेल्या गावाला मुसळीच्या लपंडावावरही उपाय करता येतो. ऑगस्टमध्ये, फूल दिसत असताना, यंदा काढायच्या झाडांशेजारी बांबूची खुंटी ठोकायची आणि तशीच सोडून यायचं. सप्टेंबरात बोंडं फुटून बी पडतं. ऑक्टोबरात पानं जातात, खुंटी उभी असते. दिवाळीनंतर, साल तपकिरी झाल्यावर, खुंटीपाशी खणायचं, मुळ्या घ्यायच्या, माथा परत पुरायचा आणि खुंटी तिथेच ठेवायची. पुढच्या जुलैत दोरी घेऊन निघालेल्या माणसाला त्या खुंटीशी हिरवा झुबका आहे की नाही, एवढंच वाकून पाहायचं आणि वहीत लिहायचं असतं.