दाटलेले रक्त आणि दृष्टिपटलाची साक्ष

स्वीडनमधील उप्साला येथे वैद्यकी करणारे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ साली दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांच्याही नाकातोंडातून रक्त जात होते, अंगावर फिकटपणा आला होता, लसिकाग्रंथी सुजल्या होत्या आणि रक्तपेशी तळाला बसण्याचा वेग भलताच वाढला होता. ही सारी लक्षणे पाहता अस्थिमज्जेच्या परिचित कर्करोगाचा, म्हणजे मायलोमाचा, संशय घेणे स्वाभाविक होते, परंतु त्या रोगात क्ष-किरणचित्रात हाडे ठिकठिकाणी पोखरलेली दिसतात आणि या दोघांची हाडे तर शाबूत होती. सुदैवाने त्याच गावात स्वेडबर्ग यांची अतिवेगवान अपकेंद्रणाची प्रयोगशाळा होती. तेथील यंत्रात या रुग्णांच्या रक्तजलात असे एक प्रथिन मोठ्या प्रमाणावर आढळले, की ज्याचा रेणुभार दहा लाखांच्या घरात जात होता. पुढे वाल्डेनस्ट्रॉम यांचेच नाव लाभलेल्या या रोगाचे सारे मर्म त्या एका अवाढव्य रेणूत आहे.

हा रेणू वस्तुतः परका नव्हे. नवा जंतू शरीरात शिरला असता पहिल्या फळीत जे प्रतिपिंड तैनात होते, तेच हे आयजीएम. त्याची रचना पाच एकसारखे घटक एकत्र सांधल्यासारखी असते. म्हणून नेहमीच्या आयजीजी प्रतिपिंडाचा रेणुभार दीड लाखाच्या आसपास, तर याचा नऊ लाखांच्या वर. एवढा मोठा रेणू रक्तवाहिनीच्या भिंतीतून सहजी बाहेर पडत नाही, आणि शरीरातील आयजीएमपैकी अदमासे चार-पंचमांश भाग रक्तप्रवाहातच राहतो. निरोगी माणसात तो लिटरमागे अडीच ग्रॅमपेक्षाही कमी असतो. वाल्डेनस्ट्रॉमच्या रोगात मात्र मज्जेतील एकाच पेशीची संतती बेसुमार वाढते आणि कोणताही शत्रू समोर नसताना, कोणाचाही हुकूम नसताना, तोच एक प्रतिपिंड अहोरात्र रक्तात ओतत राहते.

आता प्रतिपिंड वाढले तर रक्तजल दाट होणार, हे कोणालाही कळेल. परंतु ते कोणत्या हिशेबाने दाट होते, हे ध्यानात घेतल्याखेरीज या रोगाची लहर कळत नाही. साखरेचा पाक आटवणाऱ्या गृहिणीला ठाऊक असते, की बराच वेळ तो पाण्यासारखाच पातळ दिसतो आणि मग दोनचार मिनिटांतच एकतारीचा दोनतारी होऊन बसतो. आयजीएमची गत अशीच आहे. पाण्याची श्यानता एक धरली तर निरोगी रक्तजलाची १.४ ते १.८ भरते, आणि चारपर्यंत बहुतेकांना काही जाणवत नाही. आयजीएम लिटरमागे चाळीस ग्रॅमच्या पुढे गेले, की मात्र प्रत्येक अधिक ग्रॅमची किंमत आधीच्यापेक्षा जास्त पडू लागते. लक्षणे कोणत्या आकड्याला सुरू होतील हे माणसामाणसाप्रमाणे बदलते, परंतु एकाच माणसात तो आकडा बराचसा ठरलेला असतो. म्हणून पहिल्या खेपेचा अहवाल जपून ठेवणे हा दप्तरी सोपस्कार नव्हे. मायलोमातही हा प्रकार घडतो. पण तेथील प्रतिपिंडे बहुधा लहान असल्याने पुष्कळ कमी वेळा.

दाट रक्ताचा पहिला जाच होतो तो जेथे प्रवाह मुळातच संथ असतो तेथे, म्हणजे बारीक शिरांत. तांबड्या पेशी एकावर एक चिकटून त्यांच्या चळती बनतात, शिरा फुगतात, मागे रक्त तुंबते. मेंदूत हे घडले, की डोके दुखते, भोवळ येते, ग्लानी येते आणि मामला फारच वाढला तर शुद्धही हरपते. नाकातून व हिरड्यांतून रक्त येण्याचे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि दाट झालेले रक्त गोठण्याऐवजी वाहते कसे, हा प्रश्न वाचकाला पडणे रास्तच आहे. याचे उत्तर असे, की प्रतिपिंडांचा लेप बिंबिकांवर बसल्याने त्या एकमेकींना धरू शकत नाहीत, रक्त गोठवणाऱ्या तंतूंचे जाळे नीट विणले जात नाही, आणि तशातच नाकातील नाजूक शिरा आतून ताणलेल्या असतात.

परंतु सर्वांत विश्वासार्ह साक्ष डोळ्याची. बाहुली औषधाने मोठी करून दृष्टिपटल पाहिले असता तेथील शिरा रुंद व नागमोडी झालेल्या, रोहिणी जेथे त्यांना ओलांडते तेथे आवळलेल्या आणि दोन आवळांच्या मध्ये फुगलेल्या दिसतात. त्यांच्या आसपास रक्तस्रावाचे ठिपके असतात. श्यानतेची तपासणी सर्वत्र होत नाही, आणि जेथे होते तेथेही अहवालास विलंब लागतो. दृष्टिपटलाला विलंब ठाऊक नाही.

नमुन्यादाखल एक रुग्ण कल्पावा. पासष्ट वर्षांचे, साठ किलो वजनाचे गृहस्थ. महिनाभर डोके जड, वर्तमानपत्राची अक्षरे पुसट, आठवड्यातून दोनतीनदा घोळणा फुटतो. चष्मा बदलून झाला, नाकात बोळा घालून झाला. हिमोग्लोबिन ७.२. एकूण प्रथिने डेसिलिटरमागे ११.२ ग्रॅम आणि त्यातील अल्ब्युमिन अवघे ३. म्हणजे उरलेली ८.२ ग्रॅम प्रथिने कसली, हा सवाल त्या कागदावरच लिहिलेला आहे, फक्त तो वाचणारा हवा. आयजीएम पाहिले तर लिटरमागे साठ ग्रॅम.

येथे घाईने होणारी चूक एकच, आणि ती सद्हेतूने होते: हिमोग्लोबिन सात दिसताच रक्ताची बाटली लावणे. या रुग्णाची रक्तक्षीणता ही, एका अर्थी, तूर्त त्याच्या शरीराने केलेली तडजोड असते. रक्तजल दाट झाले असले तरी पेशी विरळ असल्याने एकंदर रक्त कसेबसे वाहत असते. त्यात पेशींची भर घातली, की ती तडजोड मोडते, आणि सकाळी डोकेदुखीची तक्रार करणारा माणूस रात्री बेशुद्ध होऊ शकतो. प्राण वाचवण्यासाठी रक्त देणे अटळच असेल तर गोष्ट निराळी. एरवी आधी रक्तजल पातळ करावे, मग रक्त द्यावे.

ते पातळ करण्याची युक्ती म्हणजे प्लाझ्माफेरेसिस. अमेरिकेत श्वाब व फेही यांनी १९६० साली या रोगात तिचा उपयोग वर्णिला, आणि आजही तातडीचा इलाज तोच आहे. आपल्या गृहस्थांच्या अंगात सुमारे ३.९ लिटर रक्त धरले आणि त्यात पेशींचा वाटा २२ टक्के, तर रक्तद्रव भरतो तीन लिटर. यंत्राने रक्त बाहेर घेऊन पेशी परत करायच्या, तीन लिटर रक्तद्रव काढून टाकायचा आणि त्याच्या जागी अल्ब्युमिन व सलाईन भरायचे. हे काम काही तासांचे. आयजीएम मुख्यतः रक्तवाहिन्यांतच असल्याने एका बैठकीत ते साठावरून तीसच्या आसपास येते, आणि पाकाचा तो हिशेब आता उलट दिशेने चालत असल्याने श्यानता त्याहूनही झपाट्याने उतरते. डोके हलके होते, नाक थांबते. दृष्टिपटलावरील स्राव विरायला मात्र अवधी लागतो.

तथापि प्रतिपिंड काढले म्हणजे ते बनवणाऱ्या पेशी गेल्या असे नव्हे; दोनचार आठवड्यांत पातळी पुन्हा चढते, म्हणून मूळ रोगावरील औषधे लगोलग सुरू करावी लागतात. त्यांतही एक सावधगिरी आहे. रिटुक्सिमॅब हे या रोगातील मोलाचे औषध, पण ते सुरू केल्यावर पुष्कळ रुग्णांत आयजीएम काही काळ उतरण्याऐवजी उसळते. ज्याचे आयजीएम चाळीसच्या वर आहे त्याला ते प्लाझ्माफेरेसिसशिवाय देणे म्हणजे ओढवून घेतलेले संकट. ज्यांना हा रोग असल्याचे निदान झाले आहे, पण त्रास नसल्याने केवळ देखरेखीखाली ठेवले आहे, अशांनी अक्षरे पुसट दिसू लागली किंवा घोळणा वारंवार फुटू लागला, तर पुढच्या नेमलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावे, आणि आपल्या आयजीएमचा मागचा आकडा सोबत न्यावा.