कार्ड सरकवायचं कुणी?

हिंजवडीतल्या एखाद्या सॉफ्टवेअर टीमची सकाळची पंधरा मिनिटांची बैठक डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर बोर्ड आहे, त्यात तीन रकाने: `To Do`, `In Progress` आणि `Done`. ‘ग्राहकाला पैसे परत’ हे कार्ड चार दिवस मधल्या रकान्यात अडकून पडलंय. स्क्रम मास्टर विचारते, “झालं का हे?” डेव्हलपर म्हणतो, “झाल्यातच जमा आहे.” ती स्वतःच कार्ड `Done`मध्ये ओढते. संध्याकाळी प्रॉडक्ट ओनर बोर्ड पाहून ग्राहकाला तसं कळवतो. प्रत्यक्षात बँकेचा चाचणी सर्व्हर बंद असल्यामुळे ते काम एकदाही तपासलेलं नसतं.

बोर्ड खोटं बोलला, कारण ज्याला कामाची खरी स्थिती माहीत होती, त्याने कार्ड हलवलंच नाही.

केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या ‘स्क्रम गाइड’च्या 2020च्या आवृत्तीत याची वाटणी स्पष्ट आहे. पुढे करायच्या कामांची यादी, म्हणजे प्रॉडक्ट बॅकलॉग, ही प्रॉडक्ट ओनरची जबाबदारी. कोणतं काम आधी घ्यायचं हे तो ठरवतो आणि प्रत्येक काम सर्वांना नीट समजेल हे पाहतो. चालू स्प्रिंटची योजना मात्र डेव्हलपरांची असते आणि ती ताजी ठेवायचं कामही त्यांचंच. स्क्रम मास्टर कार्डं सरकवत नाही. टीमला ती सवय लागावी आणि वाटेतले अडथळे दूर व्हावेत, हे ती पाहते.

गोंधळ इथेच होतो. मदत करता करता स्क्रम मास्टर टीमची कारकून होऊन बसते. ओळखायची खूण सोपी आहे: बैठकीआधी आणि बैठकीनंतर बोर्ड पाहायचा. त्या पंधरा मिनिटांतच बरीचशी कार्डं हलत असतील, तर उरलेला दिवसभर बोर्ड शिळा असतो.

प्रॉडक्ट ओनरची चूक वेगळी. यादी आपली, म्हणून सगळा बोर्डच आपला, असं त्याला वाटतं. मग स्प्रिंटच्या मध्यावर तो गुपचूप एक ‘तातडीचं’ कार्ड आत सरकवतो. व्याप्ती बदलता येते, पण डेव्हलपरांशी बोलून. न बोलता घुसवलेलं कार्ड म्हणजे कुणीच कबूल न केलेलं काम.

पैसे परत करण्याच्या त्या कार्डाचं खरं तर असं व्हायला हवं होतं: डेव्हलपरने ते `In Progress`मध्येच ठेवून त्यावर ‘चाचणी सर्व्हर बंद’ अशी लाल खूण करायची. स्क्रम मास्टरने तो सर्व्हर सुरू करून घेण्यासाठी बँकेच्या मागे लागायचं. प्रॉडक्ट ओनरने ग्राहकाला उशिराची कल्पना द्यायची. स्प्रिंट संपेपर्यंत सर्व्हर सुरू झालाच नाही, तर कार्ड बॅकलॉगमध्ये परत जातं, आणि तिथे ते वर ठेवायचं की खाली, हे पुन्हा प्रॉडक्ट ओनर ठरवतो.