‘सो डू आय’ सगळीकडे चालत नाही : होकाराच्या छोट्या उत्तरांबद्दलचे गैरसमज

‘मी उद्या बीडला चाललोय.’ ‘मीपण.’ ‘मला सीताफळ आवडतं.’ ‘मलापण.’ ‘माझा अभ्यास झाला नाही.’ ‘माझापण नाही.’ पाटोद्याच्या एस. टी. स्टँडवर उभी असलेली दोन पोरं अशी उत्तरं न अडखळता देतात. मराठीत इथे बदलतं ते सर्वनाम: मी, मला, माझा. क्रियापद गाळलं तरी चालतं. इंग्रजीत नेमकं उलट आहे. तिथे उत्तरातलं ‘आय’ तसंच राहतं आणि त्याच्या आधीचं सहायक क्रियापद बदलतं. आपल्या बहुतेक चुका या एका फरकातून येतात. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही ही चूक दहावीपर्यंत, कधी कधी त्याच्याही पुढे टिकते. म्हणून एकेक गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज 1 : ‘सो डू आय’ हे ठरलेलं उत्तर आहे, होकार द्यायचा असला की तेच म्हणायचं.

वस्तुस्थिती : ठरलेला फक्त साचा आहे: आधी ‘सो’, मग सहायक क्रियापद, मग कर्ता. मधला शब्द समोरच्याच्या वाक्यावरून ठरतो. ‘आय अ‍ॅम टायर्ड’ला ‘सो अ‍ॅम आय’, ‘आय कॅन स्विम’ला ‘सो कॅन आय’. वाक्यात सहायक क्रियापदच नसेल तर ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ घ्यायचं. ‘आय लिव्ह इन पाटोदा’ला ‘सो डू आय’. पण ‘आय वेंट टू सौताडा ऑन संडे’ला ‘सो डिड आय’, कारण गोष्ट झालेली आहे.

सर्वांत जास्त फसवतं ते ‘हॅव्ह’. ‘आय हॅव्ह फिनिश्ड माय होमवर्क’ यात ते सहायक आहे, म्हणून ‘सो हॅव्ह आय’. ‘आय हॅव्ह अ सायकल’ यात ‘जवळ असणं’ हाच त्याचा अर्थ, म्हणजे ते मुख्य क्रियापद. तिथे आज रूढ उत्तर ‘सो डू आय’.

हे ओळखायची युक्ती दहावीच्या मुलांकडे आधीच असते, ती म्हणजे क्वेश्चन टॅग. समोरच्याच्या वाक्याला मनातल्या मनात टॅग लावायचा. ‘आय हॅव्ह अ सायकल, डोन्ट आय?’ टॅगमध्ये ‘डू’ आलं, तेच उत्तरात. ‘आय हॅव्ह फिनिश्ड, हॅव्हन्ट आय?’ इथे ‘हॅव्ह’ आलं, तेच उत्तरात. नकाराचा ‘नॉट’ मात्र बाहेर ठेवायचा.

गैरसमज 2 : समोरच्याने वापरलेलं सहायक क्रियापद जसंच्या तसं उचलायचं.

वस्तुस्थिती : काळ त्याचा, पण रूप आपल्या कर्त्याचं. ‘माय ब्रदर वर्क्स इन पुणे’ याचा टॅग ‘डझन्ट ही?’ असा होतो. पण उत्तर स्वतःबद्दल असेल तर ‘सो डू आय’, आणि बहिणीबद्दल असेल तर ‘सो डज माय सिस्टर’. तसंच ‘दे आर लेट’ याला ‘सो अ‍ॅम आय’.

शब्दांचा क्रमही महत्त्वाचा. ‘सो आय डू’ म्हटलं तर ‘मीपण’ हा अर्थ उरत नाही. ‘यू हॅव्ह इंक ऑन युअर शर्ट’ असं कुणी दाखवल्यावर ‘अरे, खरंच की!’ म्हणायला ‘सो आय डू!’ असं म्हणतात.

गैरसमज 3 : नकाराला ‘नायदर डोन्ट आय’ म्हणायचं.

वस्तुस्थिती : ‘माझापण नाही’ यातला ‘नाही’ आपण इंग्रजीत नेऊ पाहतो. पण ‘नायदर’मध्येच नकार आहे, दुसरा लागत नाही. ‘आय डोन्ट ड्रिंक कॉफी’ला ‘नायदर डू आय’, ‘आय हॅव्हन्ट सीन हिम’ला ‘नायदर हॅव्ह आय’. ‘नायदर’च्या जागी ‘नॉर’ही चालतं. ‘आय डोन्ट आयदर’ हेसुद्धा बरोबर आहे, कारण तिथे नकार ‘डोन्ट’मध्ये असतो.

‘नॉट’ दिसला तरच नकार, असंही नाही. ‘ही नेव्हर ईट्स मीट’ हे नकारार्थी, म्हणून ‘नायदर डज शी’. उलट ‘आय डिसलाइक नॉइज’ अर्थाने नापसंती सांगतं, पण व्याकरणाने होकारार्थी आहे, म्हणून ‘सो डू आय’. शंका आली तर पुन्हा टॅगच कामाला येतो. ‘नेव्हर’च्या वाक्याला ‘डज ही?’ असा होकारार्थी टॅग लागतो. तिथे उत्तर ‘नायदर’ने. ‘डिसलाइक’च्या वाक्याला ‘डोन्ट आय?’ असा नकारार्थी टॅग लागतो. तिथे उत्तर ‘सो’ने.

गैरसमज 4 : ‘मी टू’ अशुद्ध आहे, शुद्ध इंग्रजीत ‘आय टू’ म्हणतात.

वस्तुस्थिती : बोलताना ‘मी टू’ पूर्णपणे रूढ आहे. नुसतं ‘आय टू’ मात्र कानाला विचित्र लागतं. म्हणायचंच तर ‘आय डू टू’ असं सहायकासह म्हणावं. अर्जात किंवा औपचारिक लेखनात मात्र ‘मी टू’ टाळून पूर्ण वाक्य लिहावं. ‘मी टू’ला काळाची काळजी नसते, म्हणून ते सोपं वाटतं. पण ते होकाराला जोडायचं. ‘आय डोन्ट लाइक टी’ला आपण मराठीत ‘मलापण’ म्हणून मोकळे होतो आणि त्या सवयीने ‘मी टू’ तोंडून निघतं. तिथे ‘मी नायदर’ हवं.

गैरसमज 5 : ‘मी टू’ आणि ‘सो डू आय’ कुठेही अदलाबदल करता येतात.

वस्तुस्थिती : ‘सो’चं उत्तर नेहमी कर्त्याबद्दल असतं. मित्र म्हणाला, ‘सरांनी मला लग्नाला बोलावलं’, म्हणजे ‘सर इन्व्हायटेड मी’. आपल्यालाही बोलावणं असेल तर ‘मी टू’ म्हणावं. ‘सो डिड आय’ म्हटलं तर अर्थ होईल, ‘मीपण तुला बोलावलं’. मराठीतल्या ‘मला’वर इथे विसंबू नये. ‘मला भूक लागलीय’ यातला ‘मला’ इंग्रजीत ‘आय अ‍ॅम हंग्री’ असा कर्ता होतो आणि उत्तर ‘सो अ‍ॅम आय’ येतं. ‘मला बोलावलं’ यातला ‘मला’ कर्मच राहतो.

टॅगच्या युक्तीलाही मर्यादा आहेत. ‘आय अ‍ॅम लेट’ याचा रूढ टॅग ‘आरन्ट आय?’ असा होतो, पण उत्तर ‘सो अ‍ॅम आय’. ‘आय थिंक इट विल रेन’ याला टॅग ‘वोन्ट इट?’ लागतो, पण सहमती ‘थिंक’शी आहे, म्हणून उत्तर ‘सो डू आय’.

एवढे अपवाद सोडले तर तपासणी तीन प्रश्नांत संपते. टॅगमध्ये कोणतं सहायक येतं? टॅग नकारार्थी आहे की होकारार्थी? आणि उत्तर कोणाबद्दल आहे? शिक्षकांनी टॅगच्या सरावातली तीच वाक्यं घेऊन मुलांना जोडीजोडीने ही उत्तरंही द्यायला लावावीत. वेगळा धडा लागणार नाही.