खणाच्या ब्लाउजला शब्दांचं माप

ऑनलाइन विक्रीत सर्वांत जास्त गोंधळ होतो तो शिवलेल्या ब्लाउजबाबत. कुर्ता थोडा सैल असला तरी चालून जातो, पण ब्लाउज अर्ध्या इंचाने घट्ट झाला तरी हूक लागत नाही. त्यात तो खणाचा असेल तर कापड नेमकं कसलं, हा प्रश्नही असतोच. म्हणून घरून असे ब्लाउज विकणाऱ्यांनी वर्णन कसं लिहावं, ते या एकाच वस्तूवरून पाहू.

पुष्कळ ठिकाणी शीर्षक असं असतं: ‘सुंदर ट्रेंडी डिझायनर खण ब्लाउज’. यातल्या तीन शब्दांनी ग्राहकाला काहीच कळत नाही, आणि मोबाइलवरच्या यादीत शीर्षक अर्ध्यातच कापलं गेलं तर नेमके तेच तीन शब्द दिसतात. त्याऐवजी ‘खण ब्लाउज, शिवलेला, कॉटन अस्तर, पुढे हूक, कोपरापर्यंत बाही, हिरवा’ असं लिहावं. वस्तू काय आहे ते आधी आणि रंग शेवटी, कारण रंग फोटोत दिसतोच.

आता माप. ‘साइज ३६’ एवढंच लिहिलं, तर ३६ इंच ही अंगाची छाती की ब्लाउजची, हे समजत नाही. ब्लाउज हूक लावून सपाट ठेवावा, मुंढ्याच्या खाली एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत टेप धरावी आणि येणारं माप दुप्पट करावं. समजा, साडेअठरा इंच आलं, म्हणजे तयार छाती ३७. मग वर्णनात असं यावं: ‘अंगाची छाती ३६ असेल त्यांच्यासाठी. ब्लाउजची तयार छाती ३७ इंच. दोन्ही बाजूंच्या शिलाईत माया ठेवली आहे, उसवून ३९ इंचांपर्यंत वाढवता येईल.’ मायेचं हे वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. ब्लाउज थोडा घट्ट झाला तर तो परत पाठवायचा की शेजारच्या शिंप्याकडे न्यायचा, हे ग्राहक त्यावरून ठरवते. त्याखाली पूर्ण उंची, बाहीची लांबी आणि दंडघेर द्यावा. मनगटापासून खांद्यापर्यंत सगळी मापं देण्यापेक्षा जिथे ब्लाउज अडतो तिथली नक्की द्यावीत.

कापडाबद्दल सांगायचं, तर खणाची परंपरा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डची, आणि तिथल्या हातमागाच्या खणात सुती व रेशमी धागे असत. आज बाजारात यंत्रमागावरचा, पॉलिस्टरचा खण भरपूर मिळतो. तो वाईट नसतो. चमक टिकते, किंमत परवडते. पण त्याला ‘प्युअर कॉटन सिल्क’ म्हणणं ही फसवणूक आहे. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. कडेचे उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर आक्रसून वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. मिश्र धाग्याचं प्रमाण मात्र असं कळत नाही. तिथे टक्केवारी ठोकून न देता ‘पॉलिस्टरमिश्रित’ एवढंच लिहावं.

याच कापडामुळे धुण्याची सूचना महत्त्वाची ठरते. वरचा खण पॉलिस्टरचा आणि अस्तर न धुता लावलेलं सुती असेल, तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, खण तसाच राहतो. ब्लाउजला चुण्या पडतात आणि ग्राहकाला शिलाई खराब वाटते. अस्तराचा २० इंचांचा तुकडा धुऊन, वाळवून मोजावा. तो सव्वाएकोणीस इंच भरला, तर त्याच हिशोबाने ३७ इंचांच्या घेरात जवळजवळ दीड इंच कमी होणार. म्हणून अस्तर आधी भिजवून आटवून घ्यावं आणि तसं लिहावं. रंगासाठी खणाचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासावा. फडक्यावर डाग पडला तर ‘पहिल्यांदा वेगळा, थंड पाण्यात धुवा’ असं स्पष्ट सांगावं. इस्त्री मंदच, कारण सुती कापडाच्या उष्णतेला पॉलिस्टर चकाकतं किंवा वितळतं. सगळ्यावरच ‘फक्त ड्राय क्लीन’ लिहून मोकळं होणारे विक्रेते ग्राहकाला विनाकारण खर्चात पाडतात.

कायद्याचीही यात बाजू आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू वर्णनाशी जुळत नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणजे वर्णनातला प्रत्येक शब्द विक्रेत्याला बांधून ठेवतो.

आणखी एक गोष्ट सहज राहून जाते. खणाचं नवं ठाण येतं, रंग-नक्षी तीच दिसते, म्हणून जुनं वर्णन तसंच ठेवलं जातं. पण आडवा धागा बदललेला असू शकतो, रंगही वेगळ्या घाणीतला असतो. प्रत्येक ठाण उघडलं की धागा जाळून आणि फडकं घासून पाहावं, आणि मगच ते वर्णन पुढे चालू ठेवावं.