उजव्या समासातले चाळीस गुण

दहावीच्या बीजगणिताची प्रश्नपत्रिका हातात घ्या आणि तिच्यावर छापलेले अंक मोजायला लागा. समीकरणांतले अंक, उदाहरणांतल्या किमती, पानांचे क्रमांक, पर्यायांतली उत्तरे, प्रश्नांचे क्रमांक आणि गुण, असे कितीतरी अंक मिळतील. एखादा ४ समोर आला तर तो चौथा प्रश्न असू शकतो, चार गुण असू शकतात किंवा x चा सहगुणकही असू शकतो. विद्यार्थ्याला हा फरक क्षणात कळतो. फोटोवरून प्रश्नपत्रिकेचा सांगाडा तयार करणाऱ्या प्रोग्रामला मात्र तो शिकवावा लागतो, आणि हे काम वाटते त्यापेक्षा निराळे आहे. यात अक्षर वाचण्याइतकेच ते पानावर कुठे बसले आहे याला महत्त्व असते.

सांगाडा म्हणजे कोणता प्रश्न, त्याचे किती भाग, प्रत्येक भागात किती उपप्रश्न, त्यांतले किती सोडवायचे आणि त्याला गुण किती एवढेच. जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा ज्यांच्या कपाटात आहे अशा शिक्षकांना तो हवा असतो, कारण सराव परीक्षेचा कागद त्याच साच्यात बसवायचा असतो. तपासणीचा तक्ता आखतानाही तोच लागतो. मूळ फाइल सहसा मिळत नाही. मिळतो तो घडी पडलेला, पेनाने खुणा केलेला कागद आणि मोबाइलवर काढलेला त्याचा फोटो.

पहिली अडचण फोटोतच असते. ए-फोर कागद इंचाला ३०० ठिपके या घनतेने टिपला तर चित्र साधारण २४८० ठिपके रुंद आणि ३५०८ ठिपके उंच होते. आजच्या साध्या मोबाइललाही एवढे जमते, फक्त कागदाने चौकट पूर्ण भरायला हवी. खरी गडबड तिरकेपणाने होते. डाव्या समासातल्या प्रश्नक्रमांकापासून उजव्या समासातल्या गुणांपर्यंत सुमारे २००० ठिपक्यांचे अंतर असते. फोटो केवळ दोन अंशांनी कलला तरी तेवढ्या अंतरात ओळ ७० ठिपके वर किंवा खाली सरकते, आणि छापील ओळींमधले अंतरही जवळपास तेवढेच असते. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे गुण थेट शेजारच्या ओळीसमोर जाऊन बसतात. मजकूर वाचताना हा तिरकेपणा फारसा खुपत नाही. सांगाडा काढताना मात्र सगळा हिशेब बिघडतो. म्हणून आधी कागदाचे चार कोपरे शोधून पान ताणून काटकोनात आणायचे, मग ओळी आडव्या करायच्या आणि त्यानंतर सावल्या घालवायच्या. सावलीसाठी संपूर्ण पानाला एकच काळे-पांढरे माप लावून चालत नाही. प्रत्येक ठिकाणी आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे ते ठरवावे लागते, नाहीतर हाताची सावली पडलेला कोपरा काळाकुट्ट होतो.

आता वाचन. टेसरॅक्ट हा फुकट मिळणारा अक्षर ओळखणारा प्रोग्राम मराठी वाचतो. तो एचपी कंपनीत जन्मला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. त्याला असे सांगायचे:

```
tesseract paper.png paper -l mar+eng --psm 6 tsv
```

यात दोन गोष्टी मुद्दाम निवडलेल्या आहेत. `--psm 6` म्हणजे संपूर्ण पान हा एकच सलग मजकूर समज. हे सांगितले नाही, तर प्रोग्राम पानाची मांडणी स्वतः ठरवतो. मग उजव्या समासातले सुटे अंक त्याला वेगळा स्तंभ वाटू शकतात आणि तो ते सगळे शेवटी एकत्र ओततो. आठ भागांचे आठ आकडे मिळतात, पण कोणता कोणाचा ते कळत नाही. दुसरी गोष्ट `tsv`. त्यामुळे नुसता मजकूर न मिळता प्रत्येक शब्दासाठी एक ओळ मिळते. त्या ओळीत तो शब्द डावीकडून किती ठिपक्यांवर आहे, वरून किती, किती रुंद, किती उंच आणि वाचणाऱ्याला स्वतःच्या वाचनाची शंभरात किती खात्री आहे, हे सगळे असते.

या माहितीवर तीन साधे नियम उभे राहतात. ओळ डाव्या समासापाशी सुरू होत असेल आणि तिचा पहिला शब्द ‘प्र.’ असेल, तर पुढचा अंक प्रश्नक्रमांक. ओळीच्या अगदी शेवटी, पानाच्या उजव्या दहाव्या हिश्श्यात एकटा अंक उभा असेल, तर ते गुण. प्रश्नांच्या उजवीकडच्या संख्या पूर्ण गुण दाखवतात, हे बोर्डाच्या गणिताच्या कागदावर सूचनांतच लिहिलेले असते. प्रोग्रामने फक्त ती सूचना पाळायची. या दोन्ही जागांच्या मधे जे अंक येतात, ते गणिताचे. त्यामुळे x² + 5x + 6 = 0 यातले शेवटचे शून्य ओळीच्या टोकाला असले तरी उजव्या पट्टीत पोहोचत नाही आणि गुण म्हणून धरले जात नाही.

तिसरा नियम विभागांच्या शीर्षकांचा. बीजगणितात ती नसतात, भाषेच्या कागदावर असतात. दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत गद्य, पद्य, स्थूलवाचन, भाषाभ्यास आणि उपयोजित लेखन असे पाच विभाग येतात. ही शीर्षके आखूड असतात आणि दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून मधोमध छापलेली असतात. पण तेवढ्यावर विसंबले, तर पद्य विभागात फसगत होते, कारण कवितेच्या ओळीही आखूड आणि मधोमध असतात. तिथे जागेच्या जोडीला ‘विभाग’ हा शब्द सापडलाच पाहिजे असा आग्रह धरावा लागतो.

मराठी कागदावर अंक कधी देवनागरी, कधी इंग्रजी असतात. हा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. पायथन भाषेत `\d` ही खूण दोन्ही लिपींतले अंक पकडते आणि `int("४०")` चे उत्तर सरळ 40 येते:

```
m = re.match(r"प्र\s*\.?\s*(\d+)", line)
if m:
    number = int(m.group(1))
```

खरा त्रास रोमन क्रमांकांचा. कंसातला (ii) कधी 11 म्हणून वाचला जातो, कधी दंडाच्या दोन रेघा म्हणून. इथे वाचनावर वाद घालू नये, मोजावे. (i) आणि (iii) यांच्या मधे, डावीकडून तेवढ्याच अंतरावर कंसाने सुरू होणारी एक ओळ असेल तर ती (ii), मग कंसात काहीही वाचले गेलेले असो.

आता गुणांचा हिशेब. मूळ कागदावर उपप्रश्नांपुढे स्वतंत्र गुण नसतात. ते भागाच्या शीर्षओळीसमोर एकदाच येतात, आणि त्याच ओळीत ‘कोणतेही दोन’ किंवा ‘कोणतेही चार’ असे दडलेले असते. बीजगणिताच्या नेहमीच्या ४० गुणांच्या कागदाचा सांगाडा असा निघतो:

```
प्र. १ (अ)  ४ पैकी ४   गुण ४
       (ब)  ४ पैकी ४   गुण ४
प्र. २ (अ)  ३ पैकी २   गुण ४
       (ब)  ५ पैकी ४   गुण ८
प्र. ३ (अ)  २ पैकी १   गुण ३
       (ब)  ४ पैकी २   गुण ६
प्र. ४      ३ पैकी २   गुण ८
प्र. ५      २ पैकी १   गुण ३
```

बेरीज ४०. ‘कोणतेही’ हा शब्द निसटला आणि छापलेला प्रत्येक उपप्रश्न मोजला, तर हाच कागद ६० गुणांचा होतो. म्हणून गुणांइतकाच हा शब्दही नीट वाचला गेला पाहिजे.

बेरजेचा दुसरा उपयोग म्हणजे चूक पकडणे. समजा छपाई अंधुक आहे आणि प्र. २ (ब) समोरचा ८ हा ३ म्हणून वाचला गेला. बेरीज ३५ येते, म्हणजे काहीतरी चुकले एवढे कळते. पण कुठे? आता प्रत्येक भागाचे गुण सोडवायच्या उपप्रश्नांच्या संख्येने भागून पाहायचे. चार उपप्रश्नांना मिळून तीन गुण, म्हणजे एकेकाला पाऊण. बोर्डाच्या कागदावर असे नसते. चूक जागच्या जागी सापडली.

सगळ्या चुका इतक्या सरळ नसतात. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दिसतात आणि पुसट छपाईत अदलाबदल होते. समजा प्र. ५ चे ३ गुण ६ म्हणून वाचले गेले. बेरीज ४३. भागाकार मात्र कुठेच अडत नाही, कारण एका उपप्रश्नाला सहा गुण ही अशक्य गोष्ट नाही. इथे तर्क पुढे न्यावा लागतो. बेरीज तीनने जास्त आहे, म्हणजे एखादा ३ हा ६ झाला असावा. पानावर ६ दोनच ठिकाणी वाचला आहे, प्र. ३ (ब) आणि प्र. ५. पहिल्या ठिकाणी तो ३ मानला तर दोन उपप्रश्नांना दीड-दीड गुण येतात, ते या कागदात बसत नाही. उरला प्र. ५. तिथल्या वाचनाची खात्रीही कमी नोंदलेली असेल, तर संशय पक्का. तरीही प्रोग्रामने तो आकडा परस्पर बदलू नये. फोटोतला तेवढा तुकडा कापून माणसाला दाखवावा आणि विचारावे.

बेरीज जे पकडू शकत नाही, तेही ठाऊक असायला हवे. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. प्र. ३ च्या (अ) आणि (ब) चे गुण उलटसुलट जोडले गेले तरी एकूण ४० च राहतात. तिथे दीड गुणांचा भागाकारच बोंब मारतो. पण प्र. १ च्या (अ) आणि (ब) ची अदलाबदल झाली, तर दोन्हीकडे चार पैकी चार आणि चारच गुण असल्याने कुठलीच आकडेमोड ती दाखवणार नाही. त्यासाठी क्रम तपासावा लागतो. प्रश्न चढत्या क्रमाने, (अ) नंतर (ब), आणि वरच्या ओळीनंतर खालची, हे पानावरच्या उंचीशी जुळले पाहिजे. कृतींच्या प्रश्नांतल्या रिकाम्या चौकटींचाही असाच धोका असतो. चौकट उजवीकडे सरकलेली असली, तर ती शून्य म्हणून वाचली जाते आणि शून्य गुणांचा भाग तयार होतो. बेरजेत त्याने काही फरक पडत नाही. म्हणून शून्य गुण दिसले की ती नोंद रद्द करायची, हा नियम आधीच घालून ठेवावा.

शेवटी हातात जो सांगाडा येतो, त्याच्या प्रत्येक ओळीशी फोटोतला तिचा तुकडा जोडून ठेवलेला बरा. मग अख्खी प्रश्नपत्रिका पुन्हा वाचावी लागत नाही. शिक्षकांनी आठ ओळी आणि आठ तुकडे शेजारी ठेवून नजर फिरवली की काम झाले, आणि एखादा आकडा खटकलाच तर तो कागदावर नेमका कुठून आला ते तिथेच दिसते.