देखणा घोडा, वाईट उंट आणि फिशरची बाविसावी चाल

बुद्धिबळ शिकताना पहिल्याच आठवड्यात आपल्याला सांगतात की घोडा तीन गुणांचा आणि उंटही तीन गुणांचा. हिशेब बरोबर जमतो आणि आपण पुढे सरकतो. पण हे दोन मोहरे एकमेकांसारखे मुळीच नाहीत!

रिकाम्या पटाच्या मध्यभागी उंट ठेवा. तो एकाच वेळी तेरा घरांवर नजर ठेवतो. तिथेच घोडा ठेवला तर त्याच्या वाट्याला आठ घरं येतात. मग उंट सरळसरळ वरचढ नाही का? नाही, कारण उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांवर फिरतो आणि उरलेली बत्तीस घरं त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतात. घोडा सगळ्या चौसष्ट घरांवर पोचतो, शिवाय वाटेतल्या मोहऱ्यांवरून उडी मारून. मात्र त्याला वेळ लागतो. डी४ वरच्या घोड्याला एफ६ वर न्या पाहू. उंटाला ही एक चाल आहे. घोड्याला चार लागतात!

आणखी एक गंमत पटावर मांडून बघा. काळा घोडा ए५ वर, पांढरा उंट डी५ वर, म्हणजे घोड्यापासून सरळ रेषेत तिसऱ्या घरावर. काठावरच्या या घोड्याला जायला चारच घरं आहेत: बी७, सी६, सी४ आणि बी३. आता उंटाचे कर्ण बघा. चारही घरं त्याच्या माऱ्यात आहेत. उंटाने घोड्याला हातही लावलेला नाही, तरी घोड्याला सुरक्षित घर उरलेलं नाही.

रस्ता मोकळा असेल तर लांब पल्ल्याची एसटी पुढे जाते आणि रस्ता तुंबला की गल्लीबोळातून रिक्षा. उंट-घोड्याचं मूळ गणित एवढंच. मध्यभागी प्यादी एकमेकांत अडकलेली असतील तर घोडा, मध्यभाग मोकळा आणि दोन्ही बाजूंना प्यादी असतील तर उंट. क्लबात खेळणाऱ्याला हे माहीत असतं. त्याला हेही माहीत असतं की स्वतःची प्यादी ज्या रंगाच्या घरांवर आहेत त्याच रंगाचा उंट ‘वाईट’, आणि प्रतिस्पर्ध्याचं प्यादं हाकलू शकणार नाही अशा घरावर बसलेला घोडा म्हणजे खजिना. मग एक दिवस त्याच्यासमोर १९७१ सालचा एक डाव येतो आणि हे सगळं उलटंपालटं झाल्यासारखं वाटतं.

स्थळ ब्वेनोस आयरेस. बॉबी फिशर आणि टिग्रान पेट्रोस्यान यांच्यात आव्हानवीरांची अंतिम लढत चालू होती. जो जिंकेल तो जगज्जेत्या स्पास्कीशी खेळणार. पेट्रोस्यान स्वतः १९६३ ते १९६९ जगज्जेता होता, आणि बचावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सातव्या डावात फिशर पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. वजीर लवकरच पटाबाहेर गेले आणि एकविसाव्या चालीनंतर जी स्थिती आली, ती आत्ताच पटावर मांडा.

पांढरे: राजा जी१, हत्ती ए१ आणि ई५, उंट डी३, घोडा सी५, प्यादी ए२, बी४, एफ३, जी२, एच२. काळे: राजा एफ८, हत्ती ए७ आणि ए८, उंट डी७, घोडा एफ६, प्यादी ए६, डी५, एफ७, जी७, एच७.

मोहरे समसमान आहेत, पण पांढऱ्याचा सी५ वरचा घोडा बघा! त्याला बी४ च्या प्याद्याचा आधार आहे, आणि त्याला हुसकावू शकेल असं एकही काळं प्यादं उरलेलं नाही. पुस्तकात चित्र काढावं असा घोडा. उलट डी७ वरचा काळा उंट अगदी पुस्तकी ‘वाईट’ उंट, कारण ए६ आणि डी५ ही त्याचीच प्यादी पांढऱ्या घरांवर आहेत आणि तोही पांढऱ्याच घरांवरचा.

आता फिशरची बाविसावी चाल. घोड्याने डी७ वरचा उंट मारला, शह!

पटावरचा सर्वांत देखणा मोहरा देऊन सर्वांत दरिद्री मोहरा घेतला. कुणी असं करतं का?

उत्तर सापडायला एक सवय मोडावी लागते. देवाणघेवाण करताना आपण जाणाऱ्या मोहऱ्यांची तुलना करत बसतो. फिशर बघत होता मागे काय उरणार ते. तो ‘वाईट’ उंट नेमकं काय काम करत होता? ए६ आणि डी५ ही दोन्ही दुबळी प्यादी पांढऱ्या घरांवर आहेत, म्हणूनच पांढऱ्या घरांवरचा उंट त्यांचा नैसर्गिक रखवालदार होता. शिवाय तो पुढच्याच चालीला बी५ वर जाणार होता. तिथे उंटाला उंट भिडला असता. पांढऱ्याने मारला की ए६ चं प्यादं बी५ वर येतं, ए६ ची दुखरी जागा नाहीशी होते, आणि ए पट्टीवर एकामागे एक उभे असलेले दोन काळे हत्ती थेट ए२ च्या प्याद्यावर रोखले जातात. एका चालीत बचावाचा हल्ला!

मग ए४ खेळून बी५ चा रस्ता बंद केला असता तर? घोडाही राहिला असता. पण मग उंट सी६ वर येऊन डी५ सांभाळतो, आणि मोकळा झालेला एफ६ चा घोडा डी७ वर येऊन सी५ च्या देखण्या घोड्यालाच अदलाबदलीचं आव्हान देतो. पांढऱ्याची स्थिती तरीही बरी, पण काळ्याला श्वास घ्यायला जागा मिळते.

आता खरी अदलाबदल बघू. डी७ वर परत कशाने मारायचं? घोड्याने मारलं तर डी५ चं प्यादं उघडं पडतं आणि ई५ चा हत्ती ते उचलतो. म्हणून हत्तीनेच मारावं लागतं. ए पट्टीवरची जोडी फुटली. आणि दुसऱ्या बाजूला काय झालं? सी पट्टी पूर्ण मोकळी होती, पण तिच्यात बूच बसलेलं होतं: फिशरचा स्वतःचाच तो सुंदर घोडा! तो निघताच ए१ चा हत्ती सी१ वर आला आणि, काळा हत्ती डी७ वरून डी६ वर सरकल्यावर, पुढच्याच चालीला सी७ वर, म्हणजे सातव्या रांगेवर.

सगळ्यात मोठं नवल उरलेल्या जोडीत आहे. आता पांढऱ्याकडे उंट, काळ्याकडे घोडा. काळ्याने ए६ आणि डी५ दोन्ही घोड्यानेच राखायची ठरवली तर घोडा कुठे ठेवावा? मोजून बघा. अख्ख्या पटावर अशी दोनच घरं आहेत, सी७ आणि बी४. सी७ वर फिशरचा हत्ती येऊन बसला आहे, बी४ वर फिशरचं प्यादं आहे. दोन्ही खोल्या आधीच भरलेल्या! काळ्याचा उंट जिवंत असता तर बी७ वर बसून एकट्याने दोन्ही प्यादी राखू शकला असता. इकडे फिशरचा उंट डी३ वरून जागचा न हलता एका हाताने ए६ आणि दुसऱ्या हाताने एच७ पर्यंतचा कर्ण धरून आहे. दोन्ही बाजूंना प्यादी असताना उंट का चांगला, याचं उत्तर या एका घरात आहे.

चोविसाव्या चालीला पेट्रोस्यानने घोडा डी७ वर आणला आणि ई५ च्या हत्तीवर हल्ला केला. हत्ती ई२ वर मागे गेला. वाटतं, चला, घोड्याने काही तरी मिळवलं. पण तो घोडा आता तिथेच खिळला आहे. का? तो डी७ वर आहे तोवर सी७ च्या हत्तीची नजर त्याच्यावर अडते, त्यामुळे दुसरा पांढरा हत्ती ई७ वर आला तर काळा राजा त्याला मारू शकतो. घोडा हलला की सी७ चा हत्ती ई७ ला आधार देतो आणि दोन्ही हत्ती सातव्या रांगेवर येतात. राजा ई८ वरून मदत करेल का? ई२ चा हत्ती त्या पट्टीवर आहे, म्हणजे ई८ वर पाऊलच टाकता येत नाही.

तेव्हा काळा खेळणार काय? पंचविसाव्या चालीपासून पेट्रोस्यानच्या चाली बघा: जी६, एच५, एच४, एफ५, डी४. सलग पाच चाली, पाचही प्याद्यांच्या! तुमच्या डावात प्रतिस्पर्धी असा नुसती प्यादी ढकलू लागला, तर समजा की त्याच्या मोहऱ्यांना हलायला जागा नाही. आणि प्यादी मागे येत नाहीत, म्हणून अशी प्रत्येक चाल काही ना काही कायमचं सोडून जाते. फिशर मात्र एफ४ ची एक चाल सोडली तर शांतपणे राजा मध्यभागी आणत होता.

शेवटची डी४ ही चाल शह देणारी होती, पण तिचा परिणाम बघा. तोवर डी५ चं प्यादं सी४ हे घर राखत होतं. ते पुढे गेलं आणि सी४ पासून जी८ पर्यंतचा कर्ण फिशरच्या उंटासाठी मोकळा झाला. पांढरा राजा डी२ वर सरकला. तिसाव्या चालीला घोडा अखेर डी७ सोडून बी६ वर गेला, आणि ठरल्याप्रमाणे दुसरा हत्ती ई७ वर आला. घोडा डी५ वर पोचला. पटाच्या मध्यभागी, दोन्ही हत्तींवर एकाच वेळी हल्ला करणारा, जवळजवळ सी५ वरच्या त्या घोड्याइतकाच देखणा. पण फिशरने एफ७ वर शह देऊन राजाला ई८ वर ढकललं आणि दुसरा हत्ती बी७ वर सरकवला. घोड्याने एक प्यादं टिपलं, उंट सी४ वर आला आणि चौतिसाव्या चालीला पेट्रोस्यानने डाव सोडला.

म्हणजे घोड्याचं ठाणं सोडून द्यावं का? तसा नियम केला तर उद्याच फसाल. याच स्थितीत सी पट्टी प्याद्यांनी बंद असती तर घोडा हटवून हत्तीला काहीच मिळालं नसतं. काळ्याची प्यादी एकाच बाजूला असती तर फिशरच्या उंटाच्या लांब पल्ल्याला कामच नव्हतं, आणि तिथे घोडा दोन्ही रंगांच्या घरांवर टोचत राहिला असता. डी५ वर परत मारायला काळ्याकडे एखादं जास्तीचं प्यादं असतं, तर त्याने घोड्याने डी७ वर मारलं असतं आणि तो घोडा छान मध्यभागी आला असता. पटावर हे एकेक बदल करून बघा: आधी एकविसाव्या चालीची स्थिती, मग त्यात काळ्याचं एक प्यादं सी६ वर वाढवा, आणि फिशरच्या जागी बसून बाविसावी चाल पुन्हा शोधा.